चार चिठ्ठ्या, त्यातली एकच खरी

‘नेमकं एकच विधान खरं आहे’ या जातीची कोडी मी पुष्कळ सोडवली होती, पण स्वतः रचायचा प्रसंग पहिल्यांदाच आला. आमच्या गणितमंडळाच्या स्पर्धेसाठी एक हवं होतं. सोडवणाऱ्याला उत्तर सापडलं की त्याचं काम संपतं. रचणाऱ्याला मात्र दुसरं उत्तर नाही हेही दाखवावं लागतं, आणि सगळा वेळ त्यातच जातो.

मी चार पेट्या घेतल्या: लाल, निळी, हिरवी, पिवळी. किल्ली त्यांपैकी एकाच पेटीत आहे. प्रत्येक पेटीवर एक चिठ्ठी आहे आणि चारांपैकी नेमकी एकच चिठ्ठी खरी आहे. पहिला खर्डा असा होता:

लाल: किल्ली माझ्यात किंवा निळ्या पेटीत आहे.
निळी: किल्ली हिरव्या पेटीत नाही.
हिरवी: किल्ली माझ्यात आहे.
पिवळी: किल्ली लाल पेटीत आहे.

तपासायचे मार्ग दोन. एक म्हणजे ‘समजा लाल चिठ्ठी खरी’ असं धरून बाकी तिन्ही खोट्या ठरवायच्या आणि विसंगती येते का पाहायचं, मग निळी, मग हिरवी, असं पुढे जायचं. बहुतेक जण असंच करतात. दुसरा म्हणजे ‘समजा किल्ली लाल पेटीत आहे’ असं धरून किती चिठ्ठ्या खऱ्या निघतात ते मोजायचं. मी दुसरा मार्ग घेतला. पहिल्या मार्गात ‘लाल चिठ्ठी खरी’ म्हटलं तरी किल्लीची जागा ठरत नाही, लाल आणि निळी अशा दोन शक्यता उरतात. शिवाय खोट्या विधानांची उलटी रूपं डोक्यात धरून ठेवावी लागतात. ‘लाल किंवा निळी’ खोटं म्हणजे लालही नाही आणि निळीही नाही, हे सांगितलं की लगेच पटतं, पण घाईत हात तिथेच अडखळतो. किल्लीची जागा आधी धरली तर काहीच उलटवावं लागत नाही. प्रत्येक चिठ्ठीला फक्त ‘खरी’ किंवा ‘खोटी’ म्हणायचं.

मोजणी सुरू केली. किल्ली लाल पेटीत असेल तर लाल, निळी, पिवळी अशा तीन चिठ्ठ्या खऱ्या होतात, म्हणून ही शक्यता बाद. निळ्या पेटीत असेल तर लाल आणि निळी खऱ्या, म्हणजे दोन, तीही बाद. हिरव्या पेटीत असेल तर लाल खोटी, निळी खोटी, पिवळी खोटी आणि फक्त हिरवी खरी. उत्तर मिळालं! सोडवणारा बहुधा इथेच पेन खाली ठेवेल. पण पिवळ्या पेटीची ओळ राहिलीच होती. किल्ली पिवळ्या पेटीत धरली तर लाल खोटी, हिरवी खोटी, पिवळी खोटी आणि निळी खरी, म्हणजे पुन्हा नेमकी एकच. कोड्याला दोन उत्तरं होती, आणि दोन्ही सारखीच चोख.

दुरुस्तीत एक पेच असतो. एका चिठ्ठीचा मजकूर बदलला की चारही ओळींतली मोजणी हलू शकते, त्यामुळे बदल एका ओळीपुरता समजून चालत नाही. माझ्यासमोर दोन पर्याय होते. पिवळी चिठ्ठी ‘किल्ली माझ्यात किंवा लाल पेटीत आहे’ अशी केली तर पिवळ्या ओळीत दोन खऱ्या होतात आणि उत्तर म्हणून हिरवी पेटी एकटी उरते. तर्काने ते बरोबर आहे, पण मला आवडलं नाही. त्यात खरी चिठ्ठी आणि किल्ली एकाच पेटीवर येतात. ‘जी खरं बोलते तिच्यातच किल्ली’ असं मनाशी धरून बसणाऱ्याला तर्क न करताच उत्तर मिळालं असतं, आणि तसे लोक प्रत्येक स्पर्धेत असतात.

म्हणून पिवळीला हात लावला नाही, लाल चिठ्ठी बदलली: ‘किल्ली निळ्या किंवा हिरव्या पेटीत आहे.’ आता किल्ली लाल पेटीत धरली तर निळी आणि पिवळी खऱ्या, म्हणजे दोन. निळ्या पेटीत धरली तर लाल आणि निळी, पुन्हा दोन. हिरव्यात धरली तर लाल आणि हिरवी, दोन. पिवळ्यात धरली तर फक्त निळी. किल्ली पिवळ्या पेटीत, खरी चिठ्ठी निळ्यावर. हेच हवं होतं.

मंडळातल्या एका मैत्रिणीला खर्डा सोडवायला दिला. तिने कागदही घेतला नाही. म्हणाली, “अगं, निळी आणि हिरवी एकमेकींच्या अगदी उलट बोलतायत. त्यांतली एक खरी असणारच. मग उरलेल्या दोन्ही खोट्याच ना?” लाल खोटी म्हणून निळी-हिरवी पेटी गेली, पिवळी खोटी म्हणून लाल पेटी गेली, उरली पिवळी. चार ओळी तपासायच्या ऐवजी तिने दोन वाक्यांत संपवलं.

ही जोडी ओळखता येणं मोठी सोय आहे, पण ‘उलट’ची कसोटी कडक लावावी लागते. ‘किल्ली लाल पेटीत आहे’ आणि ‘किल्ली निळ्या पेटीत आहे’ ही विधानं एकदम खरी होऊ शकत नाहीत, पण किल्ली हिरव्यात असली तर दोन्ही खोटी ठरतात. अशी जोडी उपयोगाची नाही. दोन्ही खरी होऊ नयेत आणि दोन्ही खोटीही होऊ नयेत, तरच आडवाट चालते. शिवाय तिथून निघालेलं उत्तर परत चिठ्ठ्यांवर ठेवून मोजायचं. कारण ‘उत्तर असलं तर हेच’ एवढंच त्या वाटेने कळतं, उत्तर आहेच असं नाही. समजा मी पिवळी चिठ्ठी ‘किल्ली माझ्यात किंवा लाल पेटीत आहे’ अशी केली असती आणि लाल चिठ्ठी नवीच ठेवली असती, तर चारही ओळींत दोन-दोन खऱ्या आल्या असत्या. उत्तरच नसतं!

मैत्रिणीने आणखी एक खडा टाकला: किल्ल्या दोन असतील, वेगवेगळ्या पेट्यांत, तर? मग ओळी सहा होतात, कारण चारांतून दोन पेट्या सहा प्रकारे निवडता येतात. ओळी वाढत गेल्या की माझा मार्ग जड होतो. चार धावपटूंचे क्रमांक लावायचे असले तर 24 ओळी होतात, आणि तिथे ‘कोणती चिठ्ठी खरी’ अशा चारच शक्यता घेणं शहाणपणाचं. सहा ओळी मात्र लिहिता येतात, म्हणून लिहिल्या. ‘किल्ली आहे’ म्हणजे ‘निदान एक किल्ली आहे’ असा अर्थ घेतला. एका किल्लीच्या दुरुस्त केलेल्या चिठ्ठ्यांवर सहाही ओळींत दोन किंवा तीन खऱ्या आल्या, एकच खरी असलेली ओळ एकही नाही. मग पिवळी चिठ्ठी बदलून ‘माझ्यात किल्ली नाही’ अशी केली. आता लाल-पिवळी या ओळीत लाल, हिरवी, पिवळी खोट्या आणि निळी एकटी खरी. बाकी पाच ओळींत पुन्हा दोन किंवा तीन. एक किल्लीचं कोडं स्पर्धेत पहिलं ठेवलं आणि हे दुसरं.