चाळीसमधले चौतीस

अनंत चतुर्दशीला आमच्या ऑफिसात तक्रारींचा फोन सकाळपासून थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. बेळगावात एका लहान केबल-इंटरनेटवाल्याकडे मी सात वर्षं तंत्रज्ञ आहे. त्या दिवशी दुपारी एकला शहापूरच्या एका साडी व्यापाऱ्यांच्या घरून फोन आला. घरातल्या आजींना आता पायऱ्या उतरवत नाहीत. विसर्जन मिरवणूक त्या टीव्हीवर थेट बघतात, आणि टीव्ही सकाळपासून गोल गोल फिरत होता. "दादा, चारपर्यंत काहीतरी करा, नाहीतर आजी आमचंच विसर्जन करूलीय," नातू म्हणाला.

घर माणसांनी भरलेलं. पुणे, मुंबई, गोवा, सगळीकडून मंडळी आलेली. राउटरच्या पानावर एकतीस उपकरणं दिसत होती. एरवी सात-आठ असतात. माझ्या आधी आलेल्या आमच्याच माणसाने गेल्या वर्षी त्यांना वीसचा प्लॅन चाळीस एमबीपीएस करून दिला होता आणि "आता काही अडकणार नाही" असं सांगून गेला होता.

मी पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं. टीव्ही वायफायवर होता, तो काढून राउटरपासून केबल ओढली. वायफायची हवा एकतीस जणांत वाटली जाते, तेव्हा टीव्हीला तारेवर आणणं कधीच वाया जात नाही. चित्र स्वच्छ आलं. आजींनी चहा मागवला. चहा संपायच्या आत टीव्ही पुन्हा थांबला. मी कपाकडे बघत बसलो.

चमत्कारिक गोष्ट अशी की त्याच टीव्हीवर जुना सिनेमा नीट चालत होता. फक्त थेट प्रक्षेपण अडत होतं. याला कारण आहे. टीव्हीवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. सिनेमाचे पुढचे तुकडे टीव्ही आधीच आणून साठवतो, त्यामुळे मध्ये थोडं अडलं तरी कळत नाही. मिरवणूक अजून घडायचीच असते, तिचा साठा करणार कुठून? काही सेकंदांची शिल्लक संपली की चित्र थांबलं.

लॅपटॉप तारेने जोडला आणि पिंगची साधी आज्ञा चालवली. बाहेरच्या सर्व्हरपर्यंत एक छोटं पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते ती मोजते.

```
ping -t 8.8.8.8
```

रिकाम्या लाइनवर तिथे चौदा-पंधरा मिलिसेकंद दिसायला हवेत. आकडे आठशे, नऊशे, बाराशे असे येत होते आणि मधून मधून `Request timed out.` राउटरपर्यंतचा पिंग मात्र एक मिलिसेकंद. म्हणजे घरातली तार ठीक, गोंधळ राउटरच्या पलीकडच्या रांगेत. राउटरच्या वाहतुकीच्या पानावर बघितलं, तर डाउनलोड चाळीसपैकी जेमतेम पंधरा. अपलोड एकोणचाळीस!

सगळ्या पाहुण्यांच्या फोनमध्ये आरतीचे, नैवेद्याचे, नातवंडांचे व्हिडिओ होते, आणि वायफाय मिळताच प्रत्येक फोन ते गुपचूप वर चढवत होता. फोनचा बॅकअप मिळेल तेवढी जागा खातो. वीसचे चाळीस केले तर तो चाळीस खातो.

"पण आम्ही टीव्ही बघतोय, वर काही पाठवत नाही," काका म्हणाले. त्यांच्या धंद्यातलंच उदाहरण दिलं. सुरतेहून माल येतो, तुम्ही पोचपावती पाठवता, मग पुढचा गठ्ठा सुटतो. पावत्यांचं पाकीट तुमच्याच टपालाच्या ढिगाखाली अडकलं, तर सुरतेला माल असूनही गाडी सुटणार नाही. टीव्हीचंही तसंच. प्रत्येक तुकड्याची मागणी आणि पोचपावती अपलोडच्या रस्त्यानेच जाते, आणि तो रस्ता फोटोंनी भरला होता. काकांना पटलं. नातवाला नाही, पण तो वीस वर्षांचा आहे.

आता क्यूओएसकडे, म्हणजे कुणाचा माल आधी सोडायचा हे ठरवणाऱ्या राउटरमधल्या सोयीकडे वळलो आणि तिथे खरी गंमत दिसली. क्यूओएस चालूच होतं! टीव्हीला सर्वांत वरचा क्रम देणारा नियमही होता. दोन गोष्टी चुकल्या होत्या. नियम टीव्हीच्या वायफायच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्या जोडणीच्या ओळख क्रमांकावर होता. तारेच्या जोडणीचा मॅक पत्ता वेगळा असतो, म्हणजे मी हौसेने केबल ओढली तेव्हाच नियम निकामी झाला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरी चूक जुनी आणि मोठी होती. लाइनची क्षमता या रकान्यात एक हजार लिहिलेलं होतं, कारखान्यातून आलं तसंच. राउटरला वाटत होतं रस्ता हजाराचा आहे, त्यामुळे तो येईल ते पुढे ढकलत होता. रांग लागत होती ती पुढे, फायबरच्या डबीत, आणि त्या डबीला आजी कोण हे माहीत नसतं. क्रम ठरवायचा तर रांग राउटरच्या हातात असावी लागते. त्यासाठी राउटरला खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा सांगायचा. दोन्ही बाजूंना चाळीसचे पंच्याऐंशी टक्के, म्हणजे चौतीस टाकले. डाउनलोडच्या बाजूला हा उपाय आडून चालतो. आलेला माल राउटर परत पाठवू शकत नाही, फक्त काही पाकिटं टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावतो.

मग टीव्हीच्या तारेच्या मॅकला कायमचा पत्ता बांधून त्याला वरचा क्रम दिला. फोनना हात लावला नाही. आजकालचे फोन बऱ्याचदा जाळ्यागणिक वेगळा, बनावट मॅक दाखवतात, एकतीस जणांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एकाला वर काढलं की बाकीचे आपोआप मागे राहतात.

पिंग पुन्हा चालवला. अपलोड चौतीसला टेकलेलं, तरी पिंग तीस-पस्तीस. टीव्ही अर्धा तास हलला नाही. नातवाने लगेच स्पीड टेस्ट घेतली. "दादा, तुम्ही स्पीड कमी केलासा!" केला होताच. ते सहा एमबीपीएस देऊनच रांग विकत घेतली होती. शिवाय स्वस्त राउटरमध्ये क्यूओएस लावलं की सगळं काम त्याच्या प्रोसेसरवर पडतं. चाळीसला ते निभतं, पुढे कुणी दोनशेचा प्लॅन घेतला तर हाच राउटर अर्ध्यावर दम टाकू शकतो. काकांना ते सांगून ठेवलं.

निघालो तेव्हा खडे बाजाराकडून ताशांचा आवाज यायला लागला होता.

सातच्या सुमाराला पुन्हा फोन. टीव्ही अडकूलाय. नातवाला तारेवरून, बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करून मोजायला सांगितलं. अठ्ठावीस. म्हणजे त्या वेळी आमच्याकडूनच चाळीस मिळत नव्हते. संध्याकाळी अख्खं गाव टीव्ही लावून बसतं आणि आमची मुख्य लाइन भरते. चाळीस समजून लिहिलेला चौतीसचा आकडा मग खोटा ठरतो, रांग पुन्हा राउटरबाहेर निसटते, आणि तिथे घरातला कुठलाही नियम पोचत नाही. दोष आमचा होता. त्याला तसं सांगितलं आणि चौतीसच्या जागी चोवीस भरायला लावले. थेट प्रक्षेपणाला सहा-सात पुरतात, जागा होती.

रात्री साडेअकराला काकांचा फोन आला. आजी अजून जाग्या होत्या, मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत बघायचीच म्हणून बसल्या होत्या. तक्रार वेगळीच होती. मुंबईच्या जावईबापूंचे फोटो काही केल्या वर जात नव्हते.

"सकाळी जातील," मी म्हटलं.