सिट्रोनेला, लिंबोळी तेल आणि आमच्या घरातला डेंग्यू

पावसाळ्यात आमच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि शेजारच्या काकू डास पळवायला सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. अंगाला केमिकल नको, हे सासूबाईंचंही म्हणणं होतं. मग दोन चमचे खोबरेल तेलात दहा थेंब सिट्रोनेला घातलं, म्हणजे साधारण 5 टक्के. त्याहून जास्त, किंवा नुसतं तेल थेट लावलं तर कातडीची आग होऊ शकते.

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. त्याचा जोर सकाळी आणि मावळतीच्या आधी. म्हणून बाल्कनीत झाडांना पाणी घालताना एका पायाला तेल लावायचं, दुसरा तसाच ठेवायचा, असं करून बघितलं. सुरुवातीला तेल लावलेल्या पायाकडे डास फिरकले नाहीत. पण पाणी घालून होईतो पांढऱ्या पट्ट्यांचा डास त्याच घोट्यावर बसलेला. वास मात्र अजून येत होता! आपल्याला वास येतो म्हणजे तेल अंगावरून उडून चाललेलं असतं. डासाला लांब ठेवण्याइतकं ते कातडीवर उरत नाही, आपल्या नाकाला मात्र पुरतं.

नंतर वाचनात आलं की 2002 साली अमेरिकेत माणसांचे हात एडिसच्या पिंजऱ्यात घालून तपासणी झाली होती. सिट्रोनेलाची उत्पादनं सरासरी 20 मिनिटंही टिकली नाहीत. डीट या डास पळवणाऱ्या रसायनाचं सुमारे 24 टक्क्यांचं औषध पाच तास टिकलं. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा तर उपयोगच झाला नाही.

लिंबोळी तेलाची गोष्ट जरा वेगळी. भारतात खोबरेलात 2 टक्के मिसळून मलेरियाच्या ॲनोफिलिस डासावर चांगले निकाल मिळाले होते, पण एडिसवर ते कमी चाललं. शिवाय कडुनिंबाचा खरा जोर वासात नाही. त्यातल्या ॲझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे डासाच्या अळीची वाढ खुंटते. पाल्याचा धूर केला की डास थोडे कमी होतात, पण तो धूर सासूबाईंच्या दम्याला सोसेना, म्हणून बंद केला.

आता बाहेर पडताना डीट किंवा पिकारिडिन या तशाच दुसऱ्या रसायनाचं 20 टक्क्यांचं औषध. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. लेकाला मीच लावते, तळहात सोडून, कारण हात तोंडात जातात. दुपारी तो मच्छरदाणीत झोपतो.

महापालिकेच्या ताईंनी तपासलं तेव्हा अळ्या सापडल्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात: एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने जगतात.