न आलेल्या बढतीचे उत्तर

सौ. ताईंस, स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. गेल्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत बढती होईल, असे मी सांगितले होते. ती झाली नाही आणि आपल्या कार्यालयातल्यांनी वाटण्याआधीच पेढ्यांची चौकशी केली, हे वाचून मी वरमलो. पत्रिका पुन्हा मांडून बसलो.

आपले वृश्चिक लग्न, म्हणून दशमेश, म्हणजे नोकरीच्या स्थानाचा स्वामी, रवी; तो सप्तमात म्हणजे केंद्रात. शुक्राच्या महादशेत रवीची अंतर्दशा बरोबर एक वर्षाची. एवढ्यावरून मी जीभ उचलली. जन्मवेळ मात्र आपल्या आईंच्या आठवणीतली होती, 'दिवेलागणीच्या आधी, सहाच्या सुमारास'. आता आपण पाठवलेल्या रुग्णालयाच्या कागदावर ६ वाजून ४० मिनिटे आहेत.

चाळीस मिनिटांनी काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. चंद्र एक नक्षत्र साधारण चोवीस तासांत ओलांडतो आणि आपल्या पुष्य नक्षत्राचा स्वामी शनी, त्याची दशा १९ वर्षांची; म्हणजे जन्मवेळेतल्या एका तासाच्या फरकाने पुढची प्रत्येक दशा साडेनऊ महिन्यांनी सरकते. चाळीस मिनिटांचे होतात सव्वासहा महिने. जन्म उशिराचा म्हणून भोग्य, म्हणजे जन्मावेळी भोगायची उरलेली, दशा कमी, आणि पुढच्या दशा लवकर सुरू. त्या हिशोबाने रवीची अंतर्दशा दसऱ्याला नव्हे, त्याआधीच्या चैत्राच्या सुमारास लागली आणि या चैत्रात संपलीही.

इथे थांबून 'वेळच चुकीची होती' असे लिहिले असते, तर माझी सुटका झाली असती. आमच्या व्यवसायात हे वाक्य फार कामाला येते. पण आपणच लिहिले आहे की, त्या चैत्रापासून आजपर्यंत काहीच हालचाल झाली नाही. म्हणजे दोन्ही वेळा धरल्या तरी माझे भाकीत चुकलेच. नवी वेळ घेऊन आता चंद्राच्या, मग मंगळाच्या अंतर्दशेत बढती शोधत बसलो, तर काही ना काही सापडेलच. शोधणाऱ्याला ते नेहमीच सापडते, म्हणून मी ते करणार नाही.

माझी खरी चूक वेगळी आहे. आपल्या वर किती जण ज्येष्ठता यादीत आहेत आणि वरची जागा रिक्त कधी होते, हे मी विचारलेच नव्हते. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेलात की, आपला क्रमांक चौथा आहे आणि जागा एकच आहे, तीही निवृत्तीमुळे पुढच्या मे अखेरीस मोकळी होणार. हे पहिल्याच भेटीत कळले असते, तर वर्षाची मुदत देण्याचे धाडस मी केले नसते.

दक्षिणा सोबतच्या पाकिटात परत करीत आहे. आपण विचारलेला पुष्कराज मात्र घेऊ नये. ज्यांनी सुचवला त्यांना आधी ज्येष्ठता यादी दाखवावी.

आपला नम्र