आमची वाटचाल: दोन ते आठ अंशांच्या आत

सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. लसवाहतुकीचा आमचा धंदा एका खेपेने जवळजवळ बुडवला होता, आणि ती गोष्ट मला अजून सलते.

खेप हिपॅटायटिस-बीची होती. एका मोठ्या वितरकाने ती दुसऱ्या दिवशी परत पाठवली. पेटीतल्या फ्रीझ इंडिकेटरवर फुली आली होती, म्हणून माल आमच्या गाडीत गोठला, असा आरोप. बिल अडकलं. त्याच आठवड्यात आमच्या प्रतिस्पर्ध्याने कमी दर टाकला. हा माणूस आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट पेटीत भरतो. आम्ही ते बाहेर मांडून ठेवतो आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरतो. यात वेळ जातो, आणि दर जास्त पडतो तो इथेच.

तेव्हा आमच्या पहिल्या ग्राहक असलेल्या फार्मासिस्ट बाईंनी फोन करून विचारलं, “पेटीत लॉगर आहे ना? मग वेळ बघा.” इंडिकेटर फक्त गोठण झाली एवढंच सांगतो, कधी झाली ते सांगत नाही. परत आलेल्या पेटीत आमचा लॉगर चालूच होता, दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद घेत. पोचपावतीवर त्यांच्याच माणसाच्या सहीने लिहिलं होतं: 11:20, तापमान 4.6. तोवरचा आलेख तीन ते पाचच्या मध्ये. उतार सुरू झाला 12:10 नंतर, आणि पुढे दोन तासांहून जास्त वेळ उणे 1.8. म्हणजे पेटी त्यांच्याच शीतगृहात, बाष्पकाला खेटून ठेवली गेली होती.

बाईंनी शेक टेस्टही केली. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवली, नैसर्गिकरीत्या वितळू दिली, मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवली. दोन्हींतला गाळ सारख्याच वेगाने बसला. अर्थात लस वाया गेलेली होती. ॲल्युमिनियमचे कण गोठल्यावर गुठळ्या होतात, त्या पुन्हा विरत नाहीत. बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, हे दाखवतच नाही, तो फक्त उष्णता मोजतो.

बिल मिळालं, पण काम प्रतिस्पर्ध्याकडेच गेलं. दिलगिरीचा एक शब्दही आला नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो: लॉगरचं घड्याळ प्रत्येक खेपेआधी मिळवून घ्या. ते तासभर पुढे असतं, तर आमचा पुरावा लुळा पडला असता. पावतीवर वेळ आणि तापमान घेणाऱ्याच्याच हाताने लिहून घ्या. आणि ज्या रजिस्टरमध्ये महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘4’ दिसतो, ते एकाच बैठकीत भरलेलं असतं. खरा फ्रिज रोज थोडा हलतो.

बाईंची खेप आजही आम्हीच नेतो. पेटी उघडण्याआधी त्या आलेख मागतात.