सगळे पत्ते उघडे

गुरुवार, दुपार

काल ताईकडची मंडळी आली होती, तासभर बसून बोलले, आणि आज अंग गादीला चिकटलंय. या आजारात हिशोब नेहमी उशिरा येतो. श्रम आज करायचे, त्रास उद्या किंवा परवा. डॉक्टरांनी एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घ आजार, असं नाव सांगितलं, तेव्हा हेच आधी समजावलं होतं.

आडवं पडून, टॅबलेट उशीला टेकवून, फ्रीसेल खेळतेय. पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव. अशा दिवसांसाठी दुसरं बरंच काही करून पाहिलं. सुडोकूत एक आकडा चुकला की कळतं फार पुढे जाऊन, आणि तोवर कुठे चुकलं ते आठवायला डोकं शिल्लक नसतं. साध्या सॉलिटेअरमध्ये बहुतेक पत्ते पालथे, गड्डीतून काय येऊन गेलं ते लक्षात ठेवा. मेंढीकोट तर विचारूच नका, कुठल्या दश्श्या गेल्या याची आठवण हवी आणि जोडीदार आपल्या तोंडाकडे बघत बसलेला. मोबाइलवरच्या घड्याळवाल्या, चमचमत्या खेळांनी डोळेच दुखतात.

फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे असतात. आठ उभ्या रांगा, वर डावीकडे चार मोकळी घरं, उजवीकडे एक्क्यापासून राजापर्यंत रंगवार चढवायच्या चार जागा. रांगेत उतरत्या क्रमाने लावायचं, लालवर काळं, काळ्यावर लाल. एका घरात एकच पत्ता मावतो. आठवणीचं काम शून्य, सगळं पटावर मांडलेलं.

आजचाच डाव. इस्पिकचा एक्का सहाव्या रांगेत पार खाली अडकलेला. त्याच्यावर किलवरची राणी, तिच्यावर बदामचा राजा, मग बदामची सत्ती, इस्पिकची अठ्ठी आणि सगळ्यात वर चौकटची नव्वी. शेजारच्या रांगेच्या टोकाला किलवरची दश्शी मोकळी होती. नव्वी तिच्यावर गेली, नव्वीवर अठ्ठी, अठ्ठीवर सत्ती. एवढं होईपर्यंत डोळे मिटायला लागले. राजा एका घरात ठेवला, राणी दुसऱ्या घरात, आणि टॅबलेट पालथा घालून झोपले.

उठले तेव्हा आपण काय करत होतो ते अजिबात आठवेना. पण पटाकडे पाहिल्यावर आठवायची गरजच उरली नाही. राजा-राणी घरात बसलेत आणि एक्का उघडा पडलाय, म्हणजे पुढची चाल स्वच्छ आहे. एक्का वर गेला, रांग रिकामी झाली, तिथे राजा ठेवला, राजावर राणी. दोन्ही घरं पुन्हा मोकळी. ज्याचं लक्ष असं येतं-जातं त्याला हे फार सोयीचं, कारण अर्धवट सोडलेला बेत तिथेच वाचता येतो.

घरांवर मात्र नजर ठेवावी लागते. चारही घरं मोकळी असतील तर ओळीने लागलेले पाच पत्ते एकदम हलवता येतात, दोन भरली की तीनच, चारही भरली की एकच. एखादी रांग रिकामी असेल तर ही संख्या दुप्पट होते. म्हणून रिकामी रांग घरापेक्षा मोलाची, तिथे भलताच पत्ता कोंबू नये. डोकं थकलं की मी नेमकी तेच करते, दिसेल तो पत्ता घरात टाकत सुटते. तीन घरं भरली आणि का भरली ते सांगता येत नसेल, तर खेळ बंद. थकवा मला जाणवायच्या आधी तिथे दिसतो. लाल पत्त्यावर लाल ठेवायचा प्रयत्न वारंवार व्हायला लागला, तरी तेच समजायचं. खेळ ती चाल घेत नाही, त्यामुळे नुकसान काही होत नाही, आणि बाकीच्या चाली उलट्या फिरवता येतात.

धोका बऱ्या दिवशी जास्त. तेव्हा डाव सुटतात, मजा येते, ‘अजून एक’ होतो आणि परवाची किंमत आजच ठरून जाते. म्हणून एक डाव सुटला की त्या दिवसापुरतं पुरे. गजर लावून पाहिला होता, पण तो भर डावात वाजला की चिडचिड होते.

हा खेळ पॉल आल्फिल नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने 1978 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर बसवला. पुढे विंडोजमध्ये क्रमांक घातलेले 32,000 डाव आले आणि त्यांतला 11982 क्रमांकाचा एकच सुटत नाही असं निघालं. मला ही माहिती औषधासारखी लागू पडते. अडले तर डाव खोटा नाही, वाट आहे, आज दिसत नाही इतकंच. क्रमांक लिहून ठेवते आणि बऱ्या दिवशी तोच डाव पुन्हा मांडते.

अगदी वाईट दिवशी, पडद्याचा उजेडही सोसत नाही तेव्हा, हेसुद्धा नको वाटतं. आज तेवढं वाईट नाही. बदामची दुर्री अजून अडकलीय, तिच्यावर चार पत्ते आहेत. ते उद्या.