दाखला एका महिन्याचा, मुदत दुसऱ्या महिन्याची

महाविद्यालयाच्या नोंदणी विभागात सत्राच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर विलंब शुल्क माफीच्या अर्जांचा ढीग असतो. त्यातला एक अर्ज आजही लक्षात आहे. नोंदणीची मुदत १० तारखेला संपली होती आणि या मुलीचा अर्ज १६ तारखेला आला. सोबत तीन पानी पत्र आणि रुग्णालयाचा दाखला.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण दाखल्यावर तारखा होत्या मागच्या महिन्याच्या, २० ते २३. म्हणजे घरी आल्यावरही मुदतीला दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. आजार किती मोठा हे आम्ही तोलत नाही, निदान झाकून प्रत दिली तरी चालते. मुदतीच्या दिवसांत विद्यार्थ्याला नोंदणी करणं शक्य होतं का, एवढंच समिती पाहते.

नकाराचा शेरा लिहिण्याआधी मी तिच्या खात्याच्या नोंदी उघडल्या. (ही सवय सगळ्यांना नसते, त्यामुळे अर्जदाराने तिच्यावर विसंबू नये.) ८ तारखेला तिने नोंदणीचा प्रयत्न केला होता, पण पूर्वअटीचा विषय पूर्ण नाही म्हणून संगणकाने तो नाकारला होता. मी फोन लावला.

"मॅडम, तो विषय मी आधीच्या कॉलेजात केलाय, पण ते गुण इथे चढले नव्हते. मी त्याच दिवशी विभागाला ईमेल केली. त्यांनी १५ तारखेला संध्याकाळी अडथळा काढला."

"मग हे पत्रात का नाही लिहिलंस?"

"ते कारण फार छोटं वाटलं."

तेच तर कारण होतं! मी तिला त्या ईमेलचा स्क्रीनशॉट न पाठवता सगळा पत्रव्यवहार फॉरवर्ड करायला सांगितलं. कापलेल्या चित्रात बहुतेक वेळा तारीखच नसते. मुदतीआधी पाठवलेली ईमेल, मुदतीनंतर आलेलं उत्तर आणि दुसऱ्याच दिवशीचा अर्ज. उशीर आमच्याकडून झाला होता, हे समितीला समजावून सांगावं लागलं नाही. तिने ती ईमेल १० तारखेच्या रात्री पाठवली असती, तर मात्र मला शिफारस करणं जड गेलं असतं.

शुल्क माफ झालं म्हणून उशिरा प्रवेश मिळतोच असं नाही. तो निर्णय शैक्षणिक असतो. त्यासाठी प्राध्यापकांची लेखी संमती लागली. पहिल्या दिवसापासून ती वर्गात बसत होती आणि पहिला स्वाध्याय तिने वेळेत दिला होता, असं त्यांनी दोन ओळींत कळवलं. तेवढं पुरलं. हजेरीच नसती, तर बुडालेला अभ्यास कसा भरून काढणार हा प्रश्न आला असता.

फीच्या हप्त्यावरचा दंडही माफ व्हावा, अशी तिची विनंती होती. तो लेखा विभागाचा विषय, आणि तो हप्ता थकायला नोंदणीचा अडथळा कारण नव्हता. तो दंड तिला भरावा लागला.