२७ हजारांचा फोन मला तीन वर्षांत कितीला पडला (सगळा हिशोब)

सुरुवात बायकोच्या टोमण्याने झाली. "तुझ्या फोनचं दर महिन्याला काहीतरी असतंच, कधी काच, कधी कव्हर, कधी वायर." मी म्हणलं असं काही नाही, दीड-दोन हजार गेले असतील फार तर. मग एका रविवारी युपीआयची हिस्टरी आणि मेलमधली बिलं काढून बसलो आणि गुगल शीटमध्ये एकेक टाकत गेलो. टोमणा अगदी बरोबर होता.

फोन घेतला २०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला. किंमत २८,९९९, बँकेच्या कार्डवर दोन हजार सूट, म्हणजे हातात आला २६,९९९ ला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढची रड त्या एकाच कंपनीची नाहीये. बॉक्समध्ये चार्जर नव्हता, फक्त केबल. दुकानदाराने कंपनीचा चार्जर १,२९९ सांगितला, मी पुणेकर असल्यामुळे अर्थातच घेतला नाही, तापकीर गल्लीत जाऊन २५० चा घेतला.

त्या अडीचशेच्या चार्जरची गंमत अशी की तो चालत होता. फक्त चार्जिंगला लावून फोन वापरायला गेलं की स्क्रीन वेडी व्हायची, आपण एक अक्षर दाबायचं तर भलतंच उमटायचं, कधी हात न लावता ॲप उघडायचं. मला वाटलं नवाकोरा फोनच खराब निघाला. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने एकच प्रश्न विचारला, चार्जर काढल्यावर होतं का? नाही होत. मग चार्जर. स्वस्त चार्जरमध्ये करंट नीट गाळला जात नाही, तो गोंगाट केबलमधून फोनपर्यंत येतो आणि टचला बोट कुठलं आणि गोंगाट कुठला ते कळत नाही. गुपचूप १,२९९ चा आणला. म्हणजे चार्जरचे झाले १,५४९, आणि वर्षभराने केबल पिनपाशी तुटली तिचे ३४९.

कव्हर आणि काच हे चिल्लर खातं आहे. पारदर्शक कव्हर १९९ चं, सहा-सात महिन्यांत हळदीत बुडवल्यासारखं पिवळं होतं, ऊन आणि घामाने होतंच ते, पुसून जात नाही. अशी दोन झाली, मग ४५० चं जाड काठाचं घेतलं. टेम्पर्ड ग्लास दीडशेची एक, अशा पाच. कव्हरचे ८४८, काचेचे ७५०. हे पैसे मला अजिबात खटकत नाहीत, कारण दोन काचा खरोखर स्क्रीनच्या वाटणीचं मरण घेऊन गेल्या.

खटकतात ते १,२९९, जे फोनसोबतच स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅनचे भरले. वर्षभराचा प्लॅन. त्या वर्षात मी फोन तान्ह्या बाळासारखा सांभाळला, काही झालं नाही, प्लॅन संपला, रिन्यू करता येत नव्हता.

आणि बरोब्बर २१ व्या महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, सिंहगड रोडला पावसात गाडी स्टँडला लावताना फोन शर्टाच्या खिशातून निसटला आणि पेव्हर ब्लॉकवर तोंडावर पडला. उचलला तर काच एका कोपऱ्यातच तडकली होती पण खालून हिरवी रेघ उभी वर गेलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अर्धी स्क्रीन काळी. फक्त वरची काच फुटली असती तर काही दिवस ढकलता आलं असतं, पण आतलं पॅनल गेलं की ते पसरत जातं, थांबत नाही.

सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं ९,४०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,०९२. मी काउंटरवरच्या ताईंना म्हणलं अहो एवढ्यात अर्धा फोन येतो. त्या म्हणाल्या, "सर, महाग डिस्प्लेच असतो, बाकी फोनमध्ये काय आहे." बरोबरच होतं ते.

मग परत तापकीर गल्ली. तिथल्या काकांनी दोन पर्याय समोर ठेवले. एक ओएलईडी कॉपी ५,५०० ला, आणि एक साधी एलसीडी कॉपी ३,२०० ला. मी विचारलं फरक काय. म्हणाले, "दिसायला थोडा फरक, फिंगरप्रिंट नाही चालणार, बाकी सेम." ते "बाकी सेम" ऐकून मी ३,२०० वर बोट ठेवलं. तासाभरात फोन हातात, आणि मी सर्व्हिस सेंटरपेक्षा जवळजवळ आठ हजार वाचवल्याच्या आनंदात एक मस्तानी पण पिऊन आलो. (तिचे पैसे हिशोबात धरलेले नाहीत.)

फिंगरप्रिंट का चालत नाही हे नंतर समजून घेतलं. माझ्या फोनचा सेन्सर स्क्रीनच्या खाली बसवलेला, तो स्क्रीनच्याच उजेडात बोट बघतो. ओएलईडी पातळ असतं आणि त्यातून आरपार दिसतं, एलसीडीच्या मागे मात्र लाइटचा अख्खा थर असतो, त्यातून सेन्सरला काही दिसतच नाही. म्हणजे सेटिंगमध्ये कितीही खुडबुड करा, ते येणार नाही. दुसरं, उन्हात मॅप बघायचा तर हाताचा आडोसा धरायला लागायचा. तिसरं, बॅटरी. आधी डार्क मोड लावला की चार्ज जरा जास्त पुरायचा, कारण ओएलईडीवर काळा भाग चक्क बंद असतो, पण एलसीडीचा मागचा लाइट काळं दाखवतानाही जळतच असतो. जुनी बॅटरी आणि त्यात हे, त्यामुळे मार्च २०२५ ला फोन २० टक्क्यांवर धाडकन बंद पडायला लागला. बॅटरी बाहेरूनच टाकली, ११०० रुपये. (विजेचं कुणी विचारेल म्हणून तेही काढलं, रोज पूर्ण चार्ज केला तरी तीन वर्षांत सत्तावीस-अठ्ठावीस युनिट होतात, पावणेतीनशे रुपयांच्या आसपास. सोडून दिलं.)

आता विकण्याची गोष्ट. दिवाळी झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन घेतला आणि जुना त्या घरी येऊन घेऊन जाणाऱ्या ॲपवर टाकला. ॲप प्रश्न विचारतं, फोन चालू होतो का, स्क्रीनवर डाग आहेत का, बॉडी वाकली आहे का. डिस्प्ले ओरिजिनल आहे का यावर मी, खोटं कशाला बोलू, हो दाबलं. किंमत आली ८,४००. मी बायकोला स्क्रीनशॉट पाठवला.

दोन दिवसांनी एक मुलगा आला, फार तर बावीस-तेवीसचा, पाठीवर सॅक. चहा नको म्हणाला. आधी *#06# डायल करून आयएमईआय बिलाशी जुळवला, मग त्याचं एक ॲप टाकून बोट स्क्रीनभर फिरवत टचचे चौकोन भरले. इथपर्यंत मी निवांत. मग त्याने ब्राइटनेस कमी केला, पूर्ण काळं चित्र लावलं आणि फोन खिडकीकडे पाठ करून अंधारात तिरका धरला. काळं चित्र राखाडी दिसत होतं, कडेला उजेड गळत होता. दहा सेकंद लागले असतील.

"दादा, डिस्प्ले चेंज आहे ना?"

मी म्हणलं हो म्हणजे, एकदा पडला होता.

"फिंगरप्रिंट पण फेल दाखवतंय. ॲपच कापतं दादा, माझ्या हातात नाही." नवीन किंमत आली ४,१००. मी जरा घासाघीस करून बघितली पण तो खरंच काही करू शकत नव्हता, रकमेच्या चौकटीत त्याला काही लिहिताच येत नव्हतं. तापकीर गल्लीत फोन करून विचारलं तर तिथे ३,५००, वर बिल आणि आधारची झेरॉक्स. दिला मग त्यालाच. देताना त्याने एक चांगली गोष्ट सांगितली, रिसेट मारायच्या आधी गुगल अकाउंट सेटिंगमधून काढा, नाहीतर रिसेटनंतर फोन जुना पासवर्ड मागत बसतो आणि मला घेता येत नाही. बँकेची ॲप आणि युपीआय मी आदल्या रात्रीच नव्या फोनवर हलवली होती.

तर शीटची बेरीज. फोन २६,९९९, चार्जर १,५४९, केबल ३४९, कव्हर ८४८, काचा ७५०, प्लॅन १,२९९, डिस्प्ले ३,२००, बॅटरी १,१००. एकूण ३६,०९४. त्यातून विकून आले ४,१००, राहिले ३१,९९४. छत्तीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला ८८९ रुपये. विकून झाल्यावरही फोनच्या किमतीपेक्षा पाच हजार जास्तच गेले, आणि यात रिचार्ज नाहीये.

मग डोक्यात किडा वळवळला की ओरिजिनल डिस्प्ले टाकला असता तर? ११,०९२ गेले असते पण विकताना ८,४०० आले असते. कॉपीचे दिले ३,२०० आणि विकताना घालवले ४,३००, म्हणजे माझा कॉपी डिस्प्ले खरं तर ७,५०० ला पडला. तरीही ओरिजिनलपेक्षा ३,५९२ ने स्वस्तच! बायकोला हे विजयी मुद्रेने सांगितलं. तिने विचारलं तो डिस्प्ले किती महिने वापरलास. पंधरा. म्हणजे महिन्याला २४० रुपये वाचवायला पंधरा महिने दिवसातून शंभरदा पिन टाकत बसलास आणि उन्हात फोनवर हात धरून उभा राहिलास. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

माझ्या मते चूक ३,२०० च्या काउंटरवर झालीच नव्हती, ती फोन घेताना झाली. तेव्हा मी कॅमेरा बघितला, रॅम बघितली, पण या फोनचा डिस्प्ले बदलायला किती लागतात हे विचारलंच नाही, जे फोनच्या किमतीच्या ४१ टक्के निघालं. यावेळी नवीन घ्यायच्या आधी दोन मॉडेल नक्की केली आणि दोन्हींच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून तेवढंच विचारलं. काही कंपन्या तर स्पेअर पार्टचे दर स्वतःच्या साइटवरच टाकतात. एकाचं उत्तर आलं जीएसटी धरून १३ हजार, दुसऱ्याचं साडेसहा. दोन्ही फोन किमतीला जवळपास सारखेच. साडेसहावाला घेतला, आणि फिंगरप्रिंट कडेच्या बटणावर असलेला मुद्दाम बघून घेतला, तिथे डिस्प्ले बदलला तरी सेन्सरला फरक पडत नाही.

नव्या शीटमध्ये पहिल्या ओळीत फोन, दुसऱ्यात कंपनीचा चार्जर. कव्हर अजून यायचंय, तोवर फोन खिशात नाही, सॅकमध्ये, मोज्यात घालून.